मासे चालतील, मी खात नाही

रोज सकाळी पावणेसातला वडिवांबाळ आपली जाहिरात पुसायची.

वेल्लूरच्या मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर एक औषधाचं दुकान होतं. त्याच्या भिंतीवर लॉज, रक्त तपासणी आणि खाटा-गाद्या भाड्याने देणाऱ्यांच्या कागदांची दाटी असायची. त्या दाटीत डोक्याच्या उंचीवर तिचा कागद होता, प्लास्टिकमध्ये बंद केलेला. रात्रभरात त्यावर रिक्षांची धूळ बसे, शेजारच्या चहावाल्याच्या उकळत्या चहाचे शिंतोडे उडत. वडिवांबाळ ओलं फडकं घेऊन यायची, कागद पुसायची आणि मग चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचायची. स्वतःच लिहिलेला, पाठ असलेला कागद. चहावाला चिडवायचा, "अक्का, काल रात्रीत काही बदललं का?"

"बदललं तर तूच बदललं असशील. चहा इकडे उडवू नकोस."

कागदावर एकच मजकूर तमिळ, बंगाली आणि हिंदीत होता. बंगाली अक्षर सिलिगुडीच्या एका शाळामास्तरांचं होतं. त्यांची बायको त्या घरात अकरा आठवडे होती. मजकूर असा:

'पेशंटच्या नातेवाइकांसाठी घर. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास. पहिला मजला, सतरा पायऱ्या, लिफ्ट नाही. मागच्या फाटकापासून चालत सहा मिनिटं, पेशंटबरोबर पंधरा.

आठवड्याला २८०० रुपये. तीन आठवड्यांनंतर २४५०. वीज मीटरप्रमाणे. आठवडा पुरा झाला नाही तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत. कारण विचारणार नाही.

भांडी, कुकर, शेगडी आमची. पाच किलोचा सिलेंडर भरलेला मिळेल, जाताना भरून ठेवावा. स्वयंपाक स्वयंपाकघरातच करावा, खोलीत नाही. रात्री दहानंतर वाटण-कुटण नको. खरकटं कागदात गुंडाळून त्याच दिवशी बाहेर.

मासे चालतील. मी खात नाही.'

शेवटच्या ओळीवर लोक हसायचे. त्यात हसण्यासारखं काय आहे हे वडिवांबाळला कधी कळलं नाही. ती शैव मुदलियारांच्या घरातली. तिच्या घरात सात पिढ्यांत अंडंही आलं नव्हतं. आणि तिचे भाडेकरू यायचे बंगालमधून, आसाममधून, त्रिपुरातून. दोन रात्री नि तीन दिवस गाडीत बसून, एका हातात फायलींची पिशवी आणि दुसऱ्या हातात कढई घेऊन. ही माणसं माशावाचून जेवल्यासारखी जेवत नाहीत हे तिला पहिल्याच वर्षी दिसलं होतं. तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिने दोन्ही लिहिल्या. बस्स.

आठवड्याचा दर ठेवण्यामागेही तिचा हिशेब होता. हॉस्पिटलात कुणी 'उद्या या' म्हणत नाही, 'पुढच्या मंगळवारी या' म्हणतात. रोजाने भाडं मोजणारा माणूस रोज सकाळी उठून आपलं दुखणं मोजतो, असं ती म्हणायची.

इमारत तीन मजली होती, एका मजल्यावर तीन घरं. तळमजल्यावर ती स्वतः राहायची, बरोबर तिच्या डोक्यावर भाड्याचं घर. नवरा मंडळ कचेरीत कारकून होता. तो गेल्यावर आरणी गावच्या घरातला हिस्सा विकून तिने हे वरचं घर घेतलं होतं. ते चालवायला लागून चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने बंगाली बोलायला शिकून घेतलं होतं, पण ते सगळं स्वयंपाकघरातलं. 'मीठ कमी', 'झाकण ठेव', 'रडू नकोस, करपेल', अशी वाक्यं तिला अस्खलित यायची. रस्त्यात कुणी बंगालीतून पत्ता विचारला की ती गप्प व्हायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी वरच्या घरात पारुल देबनाथ आणि तिची मुलगी झर्ना राहत होत्या, त्रिपुरातल्या धर्मनगरच्या. झर्ना तेवीस वर्षांची. तिच्या हाडांमधली मज्जा रक्तच तयार करेनाशी झाली होती. धाकट्या भावाची मज्जा तिला दिली होती, ती रुजली होती, आणि वॉर्डातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं: शंभराव्या दिवसापर्यंत गाव सोडायचं नाही. आठवड्यातून दोनदा रक्त तपासायचं. आणि खाण्याचा एक छापील कागद हाती दिला होता. बाहेरचं काही नाही. कच्चं काही नाही. कुकरमध्ये ताजं शिजवलेलं, गरम, तेवढ्यातच संपवायचं. उरलं तर टाकायचं. अंडं, मासा पूर्ण शिजलेला. पाणी उकळलेलं.

झर्नाला तोंडात फोड होते. भात गिळवत नव्हता, सांबाराचा वास आला तरी ती तोंड फिरवायची. उतरायचा तो एकच पदार्थ, आईने केलेला रोहूचा पातळ रस्सा, कच्च्या पपईच्या फोडी घातलेला. पारुल माशाचा तुकडा बशीत घेऊन एकेक काटा बोटांनी काढायची. रक्त गोठवणाऱ्या पेशी अजून कमी होत्या, एक काटा टोचला तर रक्त थांबलं नसतं. त्या एका वाटी रश्शाला अर्धा तास लागायचा. वडिवांबाळ दारात उभी राहून, पदर नाकाला लावून, ते बघायची.

"काकी, वास येतो ना तुम्हाला?" झर्ना मास्कच्या आतून विचारायची.

"येतो. तू जेव."

अडतिसावा दिवस होता तेव्हा धूर झाला.

पारुलने कुठेतरी ऐकलं की धुळीतून जंतू येतात. म्हणून तिने खोलीच्या खिडक्या लावल्या, मग स्वयंपाकघराचीही लावली आणि तिथला भिंतीतला पंखा बंद केला, कारण पंख्याच्या भोकातूनही धूळ येणारच. त्या बंद स्वयंपाकघरात तिने रोजच्यासारखी कढई ठेवली आणि मोहरीचं तेल ओतलं. ते तेल धुरावेपर्यंत तापवावंच लागतं, नाहीतर त्याचा उग्रपणा जात नाही; हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं आणि आईला आजीने. धुराला बाहेर जायला वाट नव्हती. तो दाराखालच्या फटीतून जिन्यात उतरला, वरही चढला. दुसऱ्या मजल्यावरचे ज्ञानशेखरन "आग! आग!" करत बनियनवरच खाली धावले. त्यांच्यामागे त्यांची बायको, हातात दागिन्यांचा डबा.

वडिवांबाळ वर गेली, खिडकी उघडली, शेगडी बंद केली. पारुल कोपऱ्यात उभी होती, डोळ्यांतून पाणी, ते धुराचं की भीतीचं, कळायला मार्ग नव्हता.

"मासी, मी रोज असंच करते."

"रोज खिडकी उघडी असते, बाई. आज जंतूंना कोंडायला गेलीस आणि आम्हाला कोंडलंस."

पारुल रडता रडता हसली. तेवढ्यापुरतं ते प्रकरण मिटलं असतं. पण ज्ञानशेखरन हे इमारतीच्या संघाचे नवे सेक्रेटरी होते, तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना नोटिसा धाडल्या होत्या. निवृत्तीनंतर धाडायला कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वडिवांबाळच्या दाराखालून कागद सरकला: अल्पमुदतीच्या भाडेकरूंना स्वयंपाकास मनाई, सध्याच्या भाडेकरूंनी महिनाअखेर जागा सोडावी, सर्व जाहिरातींतून स्वयंपाकाचा आणि मांसाहाराचा उल्लेख काढावा. रविवारी अकराला सभा, मंजुरीसाठी.

महिनाअखेर म्हणजे झर्नाचा पंचावन्नावा दिवस.

वडिवांबाळने कागद दोनदा वाचला. मग ती गल्ल्यांतून फिरून आली. पाच लॉज पाहिले. दोनांत स्वयंपाकाला परवानगीच नव्हती. दोनांत एका शेगडीवर सहा खोल्यांचा स्वयंपाक चाले, ओट्यावर झुरळं. पाचव्यात स्वतंत्र स्वयंपाकघर होतं, चौथ्या मजल्यावर, आणि झर्नाला सतरा पायऱ्या चढायला तीनदा बसावं लागायचं. घरी येऊन ती पारुलला काहीच बोलली नाही. पण कागद पारुलच्याही दाराखालून गेला होता.

"मासी, आम्ही उकडलेलं खाऊ. मासा नको. तेल नको. कुणाला वास येणार नाही."

"ती खाईल उकडलेलं?"

पारुल पुसलेली कढई परत पुसू लागली.

"मग नसत्या गोष्टी कबूल करू नकोस. माझ्या कागदावर काय लिहिलंय? 'मासे चालतील.' मी लिहिलंय. तू पैसे कशाचे देतेस? त्याचेच."

शनिवारी तिचा भाचा कदिरवन आला. राणीपेठेत बुटांच्या कारखान्यात हिशेबनीस होता तो. आठवड्यातून एकदा आत्याकडे जेवायला यायचा. त्या दिवशी तो ताटातला भात नुसता चिवडत होता.

"आत्या, थोडं नमतं घे ना. ज्ञानशेखरन सरांशी वाकडं घेऊन राहायचं कसं इथे?"

"त्यांच्याशी वाकडं मी नाही घेतलं. बनियनवर ते धावले."

"चेष्टा नको. घर रोजाने दिलंस तर नऊशे मिळतील. चांगली माणसं येतील, कंपनीच्या कामाने येणारी. बाहेर जेवतील, रात्री झोपायला येतील. ना धूर, ना वास."

"ना पेशंट."

"तेही बरंच की."

वडिवांबाळने त्याच्या ताटात आणखी एक डाव रस्सम वाढलं. "गिळ," ती म्हणाली. एवढंच.

रविवारी खाली गाड्या ठेवायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. नऊही घरांचे मालक आले. वडिवांबाळ दोन घरांची मालकीण, म्हणून तिची दोन मतं. तिने खुर्ची घेतली नाही. खांबाला टेकून उभी राहिली, काखेत फाईल. ज्ञानशेखरननी ठराव वाचला, कचेरीतल्या आवाजात, मधल्या स्वल्पविरामांसकट.

"कुणाला काही विचारायचंय?"

"मला," वडिवांबाळ म्हणाली. "धूर झाला, ती चूक. माझ्या भाडेकरणीची आणि माझीही, कारण खिडकीचा नियम मी लिहिलाच नव्हता. तो आता लिहिते. पण धूर झाला म्हणून चूल बंद? उद्या तुमच्या नळातून गढूळ पाणी आलं तर पाणी पिणं बंद करणार का?"

"प्रश्न धुराचा नाही, अम्मा. माशाचा वास जिनाभर."

वडिवांबाळने दुसऱ्या मजल्यावरच्या फिलोमिना टीचरकडे पाहिलं. टीचर पदराचा दोरा ओढू लागल्या.

"टीचर, शुक्रवारी तुमच्याकडे सुरमई तळतात. मला खाली बसून कळतं तेलात टाकली कधी नि उलटली कधी. आजवर मी काही बोलले?"

"नाही, अक्का."

"सेक्रेटरी काही बोलले?"

"टीचर मालक आहेत," ज्ञानशेखरन म्हणाले. "घरच्या माणसाची गोष्ट वेगळी."

"म्हणजे मासा नडत नाही. माणूस नडतो."

कुणीतरी खोकलं. ज्ञानशेखरननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग जे पोटात होतं ते ओठावर आलं.

"बरं, स्पष्टच बोलतो. आजारी माणसं येतात. कुठले कुठले आजार, आपल्याला काय ठाऊक? जिन्यात आपली नातवंडं खेळतात. ती मुलगी मास्क लावून उतरते. उगाच लावते का?"

"उगाच नाही लावत. तिच्या अंगात आता तान्ह्या बाळाएवढी ताकद आहे. तुमचा नातू शिंकला तर तिला भरती करावं लागेल. मास्क ती आपल्या भीतीने लावते, ज्ञानशेखरन. आपल्यापासून तिला धोका आहे. तिच्यापासून आपल्याला काही नाही. आणि तुमचा नातू शिंकतो म्हणून मी कधी त्याला जिन्यातून हाकललं का?"

दुसऱ्या मजल्यावरचे एक जण हसले आणि ज्ञानशेखरननी बघताच थांबले.

मग ज्ञानशेखरननी खिशातून फोन काढला. हा त्यांचा राखून ठेवलेला पत्ता होता.

"एवढं भांडताय कशाला? तुम्ही स्वतःच मान्य केलंय. ही तुमची जाहिरात. इंटरनेटवर, गुरुवारपासून. वाचतो. 'स्वच्छ, शांत घर. रोजचे नऊशे. शुद्ध शाकाहारी वातावरण. स्वयंपाकास परवानगी नाही.' खाली तुमचं नाव."

वडिवांबाळने फोन हातात घेतला. फोटो तिच्याच खोलीचा होता. पण पलंगावर गुलाबी चादर होती, जी तिने कधी विकत घेतली नव्हती, आणि उशीवर प्लास्टिकचं गुलाब. गेल्या पावसाळ्यात, घर रिकामं असताना, कदिरवनने 'रंगवाल्याला दाखवायचे' म्हणून फोटो काढले होते.

तिने मान वळवली. सभेसाठी मुद्दाम आलेला कदिरवन मागे स्कूटरजवळ उभा होता.

"कदिर."

"आत्या, तुझ्याच भल्यासाठी. सर म्हणाले, अशी जाहिरात टाकली तर सभेत प्रकरण वाढवणार नाहीत. तुझा अपमान व्हायला नको म्हणून."

"माझ्या नावाने माझ्याआधी तूच बोललास, आणि अपमान व्हायला नको म्हणतोस?"

"चौदा वर्षांत काय कमावलंस तू त्या घरातून? सांग ना."

"तुझ्या बहिणीच्या लग्नातला हार कुठून आला ते आधी तू सांग." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना तो स्पष्ट ऐकू गेला. "काढ ती जाहिरात. आत्ता. इथे सगळ्यांसमोर. आणि फोटोही काढ. ते गुलाब मी उशीवर कधी ठेवलं नाही. आजारी माणसाच्या उशीवर गुलाब ठेवतात का रे? कुठे ठेवतात, ठाऊक आहे ना?"

कदिरवनचे कान लाल झाले. त्याने फोन काढला, अंगठा दोनचार वेळा फिरवला. "गेली," तो पुटपुटला.

"चला, मतदान," ज्ञानशेखरन म्हणाले.

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने पाच. विरुद्ध तीन: दोन वडिवांबाळची आणि एक फिलोमिना टीचरचं, त्यांनी कोपर अंगाशी धरून जेमतेम हात वर केला होता. तळमजल्यावरच्या नव्या जोडप्याने हात वर केलाच नाही.

"ठराव मंजूर. महिनाअखेर—"

"थांबा. लिहून द्या," वडिवांबाळ म्हणाली.

"इतिवृत्तात येईलच."

"इतिवृत्त तुमच्या कपाटात जाईल. मला वेगळं हवंय." तिने फाईल उघडली. वर हॉस्पिटलचा छापील कागद होता, पारुलकडून मागून आणलेला. तिने तो मोठ्याने वाचला, तमिळमध्ये, थांबत थांबत. बाहेरचं अन्न नाही. ताजं, कुकरमध्ये शिजवलेलं. तेवढ्यातच संपवायचं. मासा पूर्ण शिजलेला. शंभर दिवस. मग तिने खालून आणखी एक कागद काढला, त्यावर तिच्या अक्षरात दोन ओळी लिहिलेल्या होत्या.

"'हा डॉक्टरांचा कागद आम्हाला वाचून दाखवला. तरी या मुलीने इथे स्वयंपाक करू नये, असं आम्ही ठरवलं आहे.' खाली पाच जागा. नाव, घर नंबर, सही. सही करा. मी उद्या सकाळी औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर माझ्या जाहिरातीच्या खाली हा लावते. माझ्या जाहिरातीत जे आहे ते खरं असतं, चौदा वर्षं. घर बदललं तर का बदललं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. रोज दोन हजार माणसं जातात तिथून. डॉक्टरही जातात."

"ही धमकी आहे."

"धमकी कसली? तुम्ही ठरवलंय, तेच लिहिलंय. चुकीचं असेल तर दुरुस्त करा. तुमची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे."

कागद ज्ञानशेखरनच्या हातात गेला. चाळीस वर्षं त्यांनी इतरांकडून सह्या घेतल्या होत्या. कोऱ्या जागेसमोर आपलं नाव कसं दिसेल, हे बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनी कागद शेजारच्याकडे सरकवला. शेजारच्याने, आपला चष्मा वर राहिलाय, म्हणून पुढे दिला. तिसऱ्याला आठवलं की त्याच्या मेहुण्याला याच हॉस्पिटलात दाखवायचंय. चौथ्याने कागद खुर्चीवर ठेवला आणि त्यावर फोन ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. सही कुणीच केली नाही.

"हात वर करायला जोर लागत नाही," वडिवांबाळ म्हणाली. "पेनाला लागतो."

"पुढच्या सभेत बघू," ज्ञानशेखरन म्हणाले आणि उठले.

पुढच्या सभेत तो विषय निघाला नाही. ज्ञानशेखरननी मात्र हार मानली असं नव्हे. त्यांनी फाटकाशी एक वही ठेवली: येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाने नाव, वेळ, येण्याचं कारण लिहावं. मासळीवाली लिहिता-वाचता न येणारी. तिच्या वतीने वडिवांबाळच उतरून यायची आणि कारणाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहायची: 'मासा.' कधी 'मासा, रोहू, साडेसातशे ग्राम.' दोन महिन्यांत ती वही माशांनी भरली. मग ती भिजली की हरवली, कुणास ठाऊक, नवी आली नाही.

जाहिरातीत तिने दोन ओळी वाढवल्या. 'मोहरीचं तेल तापवताना खिडकी उघडी, पंखा चालू. धूर येईल. धूर म्हणजे आग नाही.' बंगाली अक्षर यावेळी झर्नाचं होतं. मास्क लावून, दाराच्या आत बसून, तिने ते लिहिलं. पहिल्या वेळी अक्षर ओळीबाहेर गेलं म्हणून दोनदा लिहावं लागलं. कदिरवनशी आत्या सहा महिने बोलली नाही, पण शनिवारी जेवायला वाढत राहिली. तोही न बोलता येत राहिला.

शंभराव्या दिवशी पारुल आणि झर्ना काटपाडी स्टेशनवरून गाडीत बसल्या. आठवडा पुरा व्हायला दोन दिवस होते. वडिवांबाळने दोन दिवसांचे सातशे परत केले. पारुल घेईना. "नियम आहे," वडिवांबाळ म्हणाली. "आणि कारण विचारायचं नाही असाही नियम आहे. पण यावेळी कारण मला ठाऊक आहे, आणि ते चांगलं आहे. घे."

त्यानंतर ते घर आणखी पाच वर्षं चाललं. गुवाहाटीचे, मालद्याचे, धनबादचे लोक आले. काही आठवडा पुरा करून गेले, काही मध्येच. मध्येच जाणाऱ्यांच्या हातात ती पाकीट ठेवायची आणि जिन्याच्या पायथ्यापर्यंत सोबत उतरायची. त्या सतरा पायऱ्या उतरताना त्यांची कढई तिच्या हातात असे. ज्ञानशेखरन आजारी पडले तेव्हा त्यांच्या सुनेने वडिवांबाळच्या शेगडीवर आठ दिवस कांजी केली, स्वतःचा सिलेंडर संपला होता म्हणून. पण म्हाताऱ्याने त्यानंतरही तिला कधी आधी नमस्कार केला नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही.

गुडघे गेल्यावरही ती वर चढायचीच. नव्या माणसाला शेगडी स्वतः पेटवून दाखवल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, हा कुठेही न लिहिलेला नियम होता. पाचव्या वर्षीच्या जानेवारीत बालुरघाटहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली. नवरा पलंगावर आडवा, बाई प्रवासाने काळवंडलेली. तिने आल्या आल्या चहासाठी दूध ठेवलं आणि भाडेकरूंच्या वहीत नाव लिहायला ओट्याशी उभी राहिली. पेन चालेना म्हणून ते झटकत होती. वडिवांबाळ दाराजवळच्या स्टुलावर टेकली होती. दम लागला होता, नेहमीसारखाच. थोड्या वेळाने त्या बाईने वळून काही विचारलं, तेव्हा वडिवांबाळ स्टुलावर बसल्या बसल्याच गेली होती.

पण त्याआधी, पातेल्याकडे बोट करून, वडिवांबाळ तिला म्हणाली होती, "नावाचं मागाहून बघू. दूध वर आलं, गॅस बारीक कर."